‘मंगळवार’ निवृत्त होतायत : कचेरीतल्या टोपणनावावर निरोपाचं भाषण कसं तयार करावं

तहसील कचेरीतल्या निरोप समारंभात पाच-सहा भाषणं होतात, आणि त्यातली बहुतेक एकाची दुसऱ्याला लावली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मनमिळाऊ स्वभाव, कामाचा उरक, कधी कुणाला दुखावलं नाही, पुढील आयुष्य सुखासमाधानाचं जावो. सत्कारमूर्ती मान डोलावत ऐकतात आणि मंडळी पेढ्याच्या बॉक्सकडे बघत बसतात. ज्या माणसाला तीस-पस्तीस वर्षं सगळे एका टोपणनावानं ओळखतात, त्याच्या निरोपाला निदान एक भाषण त्या नावाचं असावं. ते पडलं कसं, कुणी पाडलं, टिकलं का, एवढंच. ते तयार कसं करायचं, ते एका खऱ्या नमुन्यावरून सांगतो.

आमच्या जिल्ह्यातले एक अव्वल कारकून. खरं नाव इथे देत नाही. कचेरीत त्यांना ‘मंगळवार’ म्हणतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अनेकांसारखी त्यांचीही जन्मतारीख १ जून टाकलेली. गट ‘क’चा कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे ३१ मे २०२५. त्या दिवशी शनिवार आला, आणि फेब्रुवारी २०२० च्या शेवटापासून पाच दिवसांचा आठवडा असल्यानं समारंभ शुक्रवारी, ३० तारखेला ठरला. त्या तालुक्याचा बाजारही शुक्रवारचाच. ही गोष्ट पुढे कामाला येते.

आधी परवानगी, मग भाषण

टोपणनाव तोंडावर वापरलं जातं की पाठीमागे, हे पहिल्यांदा बघा. ओळखायची खूण साधी आहे: तो माणूस स्वतः ते नाव घेतो का? आमचे भाऊसाहेब जुन्या सहकाऱ्याचा फोन आला की “हां, मंगळवार बोलतोय” म्हणायचे. म्हणजे प्रश्न मिटला. पण नाव फक्त कँटीनमध्ये आणि साहेबाच्या माघारी चालत असेल, तर ते माइकवर पहिल्यांदा उच्चारण्याचा दिवस निरोपाचा नव्हे. त्या दिवशी घरची माणसं समोर बसलेली असतात.

काही नावं तोंडावर चालत असली तरी सोडून द्यावीत. रंगावरून, उंचीवरून, बोलण्यातल्या अडखळण्यावरून पडलेली, जातीचा वास असलेली, आणि टेबलाखालच्या व्यवहाराकडे बोट दाखवणारी. माणूस ती वर्षानुवर्षं हसून घेतो, कारण दुसरा मार्ग नसतो. त्याच्या हसण्याला संमती समजू नका. अशा वेळी सरळ दुसरा विषय घ्यावा.

नाव निर्धोक वाटलं तरी समारंभाच्या आठवडाभर आधी त्यांना एकट्याला गाठून विचारावं, “तुमच्या नावाची गोष्ट सांगितली तर चालेल ना?” भाषण वाचून दाखवायचं नाही, फक्त नावापुरतं विचारायचं. भाऊसाहेबांनी उत्तर दिलं, “सांग, पण कोंबडीचं नीट सांग.” तोपर्यंत मला कोंबडी ठाऊकच नव्हती. परवानगी मागितल्याचा असाही फायदा होतो.

अर्थ विचारू नका, पहिली वेळ विचारा

“त्यांना मंगळवार का म्हणतात?” असं विचारलं की प्रत्येक जण आपापली उपपत्ती सांगतो. एक म्हणाला मंगळवारचा उपवास असतो. दुसरा म्हणाला पत्रिकेत मंगळ आहे, लग्न उशिरा झालं. तिसऱ्याच्या मते त्यांचा जन्मच मंगळवारचा. तिघंही गेल्या आठ-दहा वर्षांत रुजू झालेले.

त्याऐवजी असं विचारा: “हे नाव तुम्ही पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलं? तेव्हा तुम्ही कुठल्या टेबलाला होता?” मग माणूस अंदाज करत बसत नाही, आठवायला लागतो. हा प्रश्न साहेब लोकांना विचारून उपयोग नसतो, कारण अधिकारी तीन वर्षांत बदलून जातात. विचारायचं निवृत्त शिपायाला, जीपच्या ड्रायव्हरला, अभिलेख कक्ष सांभाळणाऱ्याला आणि कचेरीसमोरच्या चहावाल्याला.

सन कुणालाच नीट आठवत नाही, म्हणून खुंटा लागतो. “१९९५ ची विधानसभा निवडणूक आधी की नंतर?” “किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नाव पडलेलं होतं का?” निवडणूक तर कचेरीतल्या प्रत्येकाला आठवते, कारण महिनाभर घरी जेवायला मिळालेलं नसतं. या दोन खुंट्यांवर आमचं नाव भूकंपाच्या, म्हणजे सप्टेंबर १९९३ च्या, बरंच आधीचं निघालं. सेवापुस्तकातल्या नेमणुकीच्या नोंदीशी ते जुळलं, आणि साल १९९१ ठरलं.

घटना एकच असली तरी सांगणारे दोन प्रकारे सांगतात, हे गृहीत धरा. एका निवृत्त लिपिकानं सांगितलं की कचेरीत शेळीचं करडू सुटलं होतं. निवृत्त शिपाई म्हणाले कोंबडी. मी कोंबडी घेतली, कारण शिपाई त्या प्रसंगात स्वतः होते आणि लिपिकानं तो प्रसंग दुसऱ्याकडून ऐकलेला होता. करडू जास्त हशा पिकवतं म्हणून ते घेऊ नये. सभागृहात तेव्हाचा एखादा माणूस बसलेला असतोच, आणि तो मध्येच “करडू नव्हतं रे!” असं ओरडला की पुढचं कुणी ऐकत नाही.

कागदाशी ताडून बघा

महसुलातली माणसं कागद बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत, आणि ती सवय इथे उपयोगी पडते. पण जुन्या आवक बारनिशा काढून बसू नका. त्यात अर्जदारांची नावं आणि घरच्या अडचणी असतात, त्या भाषणात यायचं कारण नाही. शिवाय अशा नोंदवह्या मुदत संपली की नष्ट केलेल्या असतात.

जास्त बोलका पुरावा माणसाच्या टेबलावर असतो. भाऊसाहेब कालनिर्णयची जुनी पानं पाठकोरे कागद म्हणून वापरायला ठेवत. त्यातली काही मागून घेतली. नव्वदीतल्या पानांवर प्रत्येक मंगळवारी पेन्सिलीनं गोल, आणि गोलाशेजारी गावांची नावं बारीक अक्षरात. अलीकडच्या पानांवरही गोल होते, पण ते सगळे शुक्रवारी.

इथे मला भाषण सापडलं. पहिल्या नेमणुकीच्या तालुक्याचा आठवडा बाजार मंगळवारचा, आताच्या तालुक्याचा शुक्रवारचा. दाखल्याला आलेल्या माणसाला ते बाजाराचा वार द्यायचे, म्हणजे त्याचा वेगळा एसटीचा खर्च आणि एका दिवसाची मजुरी वाचायची. बदली झाली तसा वार बदलला, नाव मात्र जुन्या वारावरच अडकून राहिलं. म्हणूनच आताच्या कचेरीत कुणालाच त्याचा उलगडा होत नव्हता, आणि उपवास, पत्रिका अशा कथा उगवल्या होत्या.

तुमच्याकडेही असं काही असेल. टोपणनाव अनेक दशकं टिकतं तेव्हा बहुधा त्यामागची सवय मधेच केव्हातरी बदललेली असते, किंवा बंद पडलेली असते. तो सांधा कुठे आहे हे शोधा. गट ‘क’च्या माणसाची बदली २००५ च्या कायद्यानुसार साधारण सहा वर्षांनी होते, त्याआधीही होतच होती, तेव्हा ‘नाव कुठल्या कचेरीत पडलं आणि नव्या कचेरीत ते कुणी आणलं’ हा प्रश्न हमखास फळ देतो. आमच्या बाबतीत ते आणलं ड्रायव्हरनं. भाऊसाहेब रुजू व्हायच्या आधीच नाव रुजू झालं होतं.

मांडणी : चुकीची कथा आधी, राग मधे, आजचा दिवस शेवटी

चार ते पाच मिनिटं पुरेत. मराठीत सावकाश, हशाला जागा ठेवून बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे लिहिलेलं भाषण साडेचारशे शब्दांच्या आसपास असावं. ३१ मेला बहुतेक कचेऱ्यांत दोन-तीन जण एकदम निवृत्त होतात, तेव्हा तर त्याहून लांबवूच नये.

सुरुवात नव्या लोकांच्या चुकीच्या समजुतीपासून करावी. त्यानं दोन कामं होतात. ज्यांना गोष्ट माहीत नाही ते ऐकायला लागतात, आणि ज्यांना माहीत आहे ते मनात हसायला लागतात. मग पहिला प्रसंग, एकच, पण पुरता सांगावा: कुठलं टेबल, कोण ओरडलं, काय शब्द होते. तीन किस्से थोडेथोडे सांगण्यापेक्षा हे केव्हाही सरस.

आता एक नाजूक जागा. कचेरीतली बहुतेक टोपणनावं वैतागातून पडतात. भाषण करणारा तो वैताग गाळतो आणि नावाला सद्गुणाचं लेबल लावतो. ‘म्हणून त्यांना आपण प्रेमानं मंगळवार म्हणतो.’ प्रेमानं कुणी म्हटलं नव्हतं. राग कुणाला आला होता आणि त्यात किती तथ्य होतं, हे सांगितलं की ऐकणाऱ्याला बाकीचंही खरं वाटतं. फक्त रागावलेल्या माणसाचं नाव घेऊ नका, पदनाम पुरे. तो आज नसेल तर विशेष जपून.

शेवट त्या दिवसापर्यंत आणून सोडावा आणि माइक सत्कारमूर्तींच्या हातात द्यावा. ‘दुसरी इनिंग’, चारोळी, पाखरं आणि घरटी, यातलं काही नको. आपल्या कचेरीत ग्लास उंचावायची पद्धत नाही, पण चहाचे कागदी कप आधी वाटून ठेवता येतात. कप उंचावायला सांगितलं तर लोक लाजतात, हसतात, आणि उंचावतात.

प्रत्यक्ष भाषण

हे त्या दिवशी झालेलं भाषण, ठिकाणं गाळून.

“अध्यक्ष महाशय, वहिनी, आणि मित्रहो. गेल्या वर्षी रुजू झालेल्या आपल्या एका महसूल सहायकानं मला विचारलं, ‘भाऊसाहेबांचा मंगळवारचा उपवास असतो का हो?’ मी म्हटलं, ‘मंगळवारी त्यांचा डबा बघ.’ डब्यात अंडाकरी होती. मग त्याला दुसरी शंका आली, पत्रिकेत मंगळ असणार. वहिनी, त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं.

खरी गोष्ट अशी, की हे नाव आपल्या कचेरीतलं नाहीच. १९९१ साली भाऊसाहेब पहिल्या नेमणुकीवर दाखल्यांच्या टेबलाला होते. त्या गावचा बाजार मंगळवारचा. दाखल्याला आलेल्या माणसाला ते एवढंच विचारायचे, ‘बाजाराला येता ना? मग मंगळवारी या.’ दाखला कधीकधी आदल्या शुक्रवारीच सही होऊन आलेला असायचा. तो गावाच्या नावाच्या चिठ्ठीखाली, दोऱ्यानं बांधून, ड्रॉवरमध्ये थांबायचा.

त्यामुळे मंगळवारी त्यांच्या टेबलापासून निघालेली रांग व्हरांडा ओलांडून पायऱ्यांवर जायची. कुणाच्या हातात मेथीच्या जुड्या, कुणाच्या पिशवीत विकायला आणलेली कोंबडी. एका मंगळवारी कोंबडी सुटली, आणि ती नेमकी अव्वल कारकुनांच्या टेबलाखाली शिरली. अव्वल कारकून कडाडले, ‘त्या मंगळवाराला बोलाव रे इकडं!’ शिपाई नवा होता. त्यानं भाऊसाहेबांपुढं जाऊन अदबीनं सांगितलं, ‘मंगळवारसाहेब, तुम्हाला आत बोलावलंय.’ तो शिपाई आज इथे पहिल्या रांगेत बसलाय.

नाव रागानं पडलं, आणि राग अगदीच खोटा नव्हता. जो गावातच राहतो, ज्याला बाजाराशी देणंघेणं नाही, त्यालाही भाऊसाहेब मंगळवारच द्यायचे. तयार दाखल्यासाठी त्यानं चार दिवस का थांबावं? पुढं त्यांनी गावातल्या लोकांसाठी आणि कॉलेजच्या मुलांसाठी हा नियम सोडला. पण तोवर नाव चिकटलं होतं.

मग बदल्या झाल्या. एका तालुक्यात बाजार रविवारचा निघाला, तिथं भाऊसाहेबांचा नाइलाज झाला. आपल्याकडे आले तर बाजार शुक्रवारचा. ते सांगू लागले, ‘शुक्रवारी या.’ आपण मात्र त्यांना मंगळवारच म्हणत राहिलो, कारण आपल्याला तसं आपल्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं.

२०१५ ला लोकसेवा हक्काचा कायदा आला आणि पावतीवर तारीख छापून यायला लागली. मुदत कळते, पण त्या तारखेला बाजार आहे की नाही ते संगणकाला कळत नाही. कुणी पावती दाखवायला आलं की भाऊसाहेब तारखेच्या खाली पेन्सिलीनं ‘शुक्र.’ लिहितात आणि पुढचा बाजार कितीला येतो ते सांगतात. आज दुपारीसुद्धा लिहीत होते. आपला कार्यक्रम चारचा होता आणि आता सव्वापाच वाजलेत, त्याचं कारण साउंडवाला नव्हे.

कप सगळ्यांच्या हातात आहेत ना? मंगळवारसाहेब, तुम्हाला माइकवर बोलावलंय.”

शेवटचं वाक्य शिपायाच्या वाक्याचंच आहे. ते पाठ करावं, कागदाकडे बघून म्हणू नये. बाकीचं भाषण कागदावरून वाचलं तरी काही बिघडत नाही.

दोन-तीन गोष्टी मुद्दाम कशा केल्यात ते बघा. संपूर्ण भाषणात ‘ते’ आणि ‘भाऊसाहेब’ आहे. नाव गमतीचं असलं तरी क्रियापद आदराचंच राहतं. एकेरी उल्लेख जुन्या मित्राला शोभतो, कनिष्ठाला नाही, आणि माइकवर कुणालाच नाही. वहिनींना प्रश्न टाकलाय, पण उत्तराची वाट बघितलेली नाही. त्यांना उठून बोलायला लावलं तर अवघडलेपण येतं. ‘साधेपणा’, ‘सेवाभाव’ असे शब्द एकदाही आलेले नाहीत, कारण दोऱ्यानं बांधलेल्या दाखल्यांच्या गठ्ठ्यानंतर त्यांची गरज उरत नाही.

समारंभात

क्रमात तुमची जागा मागून घ्या. प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, सहकाऱ्यांची मनोगतं, सत्कारमूर्तींचं मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार असा साधारण क्रम असतो. हे भाषण सहकाऱ्यांमध्ये शेवटचं, सत्कारमूर्तींच्या लगेच आधीचं हवं. फार आधी झालं तर पुढचा प्रत्येक वक्ता त्याच नावावर एकेक विनोद करतो आणि नाव झिजून जातं. अध्यक्षांनंतर झालं तर लोक चपला शोधत असतात.

त्याआधी दोघांना वाचून दाखवा. एक त्यांच्या काळातला सहकारी, तपशिलासाठी. दुसरं त्यांच्या घरचं कुणीतरी, मुलगा किंवा मुलगी. घरच्यांना खटकलेलं वाक्य वाद न घालता काढायचं. माझ्या पहिल्या खर्ड्यात त्यांच्या एका रखडलेल्या पदोन्नतीचा उल्लेख होता. मुलीनं तो वाचला आणि फक्त “हे नको” म्हणाली. गेला.

बोलताना नजर सत्कारमूर्तींवर ठेवा, प्रेक्षकांवर नाही. हशा फक्त मागच्या बाकांवरून येत असेल आणि पुढं घरची माणसं गंभीर असतील, तर ती आतली गंमत आहे. पुढचं तसलं वाक्य गाळा. ते हसण्याऐवजी बायकोकडे बघायला लागले तर तो भाग तिथंच आवरता घ्या. मध्येच कुणी उठून नावाची वेगळीच हकिकत सांगू लागला तर त्याला खोडू नका. “ही मला माहीत नव्हती, चहाला सांगा,” म्हणून पुढं जा. आणि मनोगतात सत्कारमूर्तींनी तुमचं सगळं खोटं ठरवलं तरी उठून खुलासा करायचा नाही. शेवटचा शब्द त्यांचा. भाऊसाहेबांनी कोंबडी मान्य केली, पण ती अव्वल कारकुनांच्या नव्हे, स्वतःच्याच टेबलाखाली गेली होती असं सांगितलं.

मे महिना आहे, वीज जाते. हॉल मोठा असला तरी माइकशिवाय ऐकू जाईल असं वाचण्याचा सराव ठेवा, आणि कागदावरचं अक्षर पंख्याच्या वाऱ्यात, कमी उजेडातही वाचता येईल एवढं मोठं काढा.

मानपत्रात टोपणनाव घालायचं की नाही यावर दर वेळी वाद होतो. माझं मत, घालू नये. मानपत्र फ्रेम होऊन बैठकीच्या खोलीत लागतं, आणि तिथं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला खुलासा करत बसण्याचं काम त्या माणसावर पडतं. भाषणाची प्रत मात्र स्वच्छ टाइप करून पाकिटात द्यावी. आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी अव्वल कारकुनांबद्दल पुढच्या रांगेतून जी काही वाक्यं आली, तेवढी कापून टाकावीत.